‘आमच्याविषयी’ पानावरचे काय तपासता येते? सोसायटीच्या कामासाठी कंपनी निवडणाऱ्यांना मार्गदर्शन

पावसाळ्याआधी गच्चीचे वॉटरप्रूफिंग करून घ्यायचे ठरले, की मुंबईतल्या सोसायटीच्या कमिटीकडे चार-पाच कोटेशन येतात आणि कमिटीत नव्याने आलेल्या सभासदाकडे बहुधा हे काम सोपवले जाते, की या कंपन्यांच्या वेबसाइट पाहून कोणती कंपनी विश्वासाची वाटते ते सांगावे. दरांची तुलना कशी करायची हे साऱ्यांना समजते. ‘आमच्याविषयी’ या पानाची तुलना कशी करायची हे मात्र कोणी सांगत नाही, कारण सगळ्याच कंपन्या तिथे जवळजवळ सारखेच लिहितात. या लेखात असे एक पान घेऊन त्यातील प्रत्येक विधान कुठे आणि कसे पडताळायचे ते दाखवले आहे. उदाहरण वॉटरप्रूफिंगचे असले तरी लिफ्टची देखभाल, रंगकाम किंवा सौर पॅनेल बसवणाऱ्या कंपनीचे पानही याच क्रमाने वाचता येईल.

नमुन्यादाखल पुढील मजकूर घेऊ. तो कोणत्याही एका कंपनीचा नाही. अशा पानांवर नेहमी आढळणारी वाक्ये एकत्र करून मी तो तयार केला आहे.

“गेली २५ वर्षे वॉटरप्रूफिंग क्षेत्रात अग्रगण्य असलेली आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आयएसओ ९००१ प्रमाणित असून मुंबई, पुणे, सुरत आणि हैदराबाद येथे आमची कार्यालये आहेत. २०० हून अधिक प्रशिक्षित कर्मचाऱ्यांच्या बळावर आम्ही आजवर ५०० हून अधिक सोसायट्या गळतीमुक्त केल्या आहेत. जागतिक दर्जाचे तंत्रज्ञान आणि १० वर्षांची हमी ही आमची ओळख आहे.”

पहिली पायरी: वाक्ये सुटी करणे

हा मजकूर कागदावर उतरवून घ्यावा आणि त्यातील प्रत्येक विधान वेगळ्या ओळीवर लिहावे. मग प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारावा: ही गोष्ट कंपनीखेरीज आणखी कोणी, कुठे नोंदवून ठेवली आहे का? कंपनीच्या स्थापनेचे वर्ष कंपनी निबंधकाकडे नोंदलेले असते. कार्यालयांच्या पत्त्यांचा माग जीएसटीच्या नोंदीत सापडतो, कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधीच्या भरण्यात सापडतो आणि आयएसओ प्रमाणपत्राची नोंद ते देणाऱ्या संस्थेकडे असते. ‘अग्रगण्य’ आणि ‘जागतिक दर्जाचे’ या शब्दांची नोंद कोणाकडेही नसते. ते खोटे आहेत असे म्हणण्याचे कारण नाही. ते खरे किंवा खोटे ठरवण्याचा मार्गच उपलब्ध नाही, म्हणून त्या दोन ओळींवर रेघ मारून पुढे जावे. ‘५०० सोसायट्या’ आणि ‘१० वर्षांची हमी’ या ओळी मधल्या आहेत. त्यांची कोणतीही सार्वजनिक नोंदवही नाही, पण कागदपत्रे मागून आणि थोडे गणित मांडून त्यांच्याविषयी बरेच काही समजते.

दुसरी पायरी: हे नेमके कोण आहेत?

अनुभवाच्या वर्षांकडे वळण्याआधी आपला व्यवहार कोणाशी होणार आहे हे निश्चित करावे लागते. भारतात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला २१ अक्षर-अंकांचा एक ओळख क्रमांक मिळतो, त्याला सीआयएन म्हणतात. कंपनी (स्थापना) नियम, २०१४ मधील नियम २६ नुसार, वेबसाइट असलेल्या कंपनीने आपले नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, हा क्रमांक, संपर्क आणि तक्रारीसाठी कोणाशी बोलायचे त्या व्यक्तीचे नाव मुखपृष्ठावर देणे बंधनकारक आहे. म्हणून सर्वांत आधी पानाच्या तळाशी पाहावे. क्रमांक नसेल तर तेवढ्यावरून कंपनीला फसवी ठरवू नये, कारण अनेक लहान कंपन्या हा नियम पाळत नाहीत; पण कोटेशनच्या कागदावर तो आहे का ते पाहावे आणि तिथेही नसेल तर लेखी मागावा.

हा क्रमांक स्वतःच पुष्कळ माहिती देतो. समजा, तो असा आहे (शेवटचे सहा अंक मी मुद्दाम शून्य ठेवले आहेत):

```
U45400MH2019PTC000000
```

पहिले U हे अक्षर कंपनी शेअर बाजारात सूचिबद्ध नसल्याचे दाखवते; सूचिबद्ध कंपनीच्या क्रमांकाची सुरुवात L ने होते. पुढचे पाच अंक व्यवसायाचा प्रकार सांगतात, MH म्हणजे महाराष्ट्र, २०१९ हे स्थापनेचे वर्ष, PTC म्हणजे खासगी कंपनी आणि शेवटी नोंदणी क्रमांक. म्हणजे जी कंपनी ‘गेली २५ वर्षे’ म्हणते, तिची कंपनी म्हणून नोंदणी २०१९ मधली आहे, हे एकही संकेतस्थळ न उघडता समजले.

आता कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in या पोर्टलवर जाऊन कंपनीची मूलभूत माहिती पाहावी. तिथे ‘Company/LLP Master Data’ या नावाची सेवा आहे आणि तिच्यासाठी शुल्क लागत नाही. त्यात कंपनीची स्थिती, नोंदणीची तारीख, पत्ता, भागभांडवल, संचालक आणि शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा आहे, हे दिसते. नवखे वाचक ‘Active’ हा शब्द पाहून थांबतात, पण त्याचा अर्थ एवढाच, की कंपनीचे नाव नोंदवहीतून काढलेले नाही. मला ताळेबंदाची तारीख अधिक महत्त्वाची वाटते. नियमानुसार मार्चअखेरच्या हिशेबाची वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हावी लागते आणि त्यानंतर ३० दिवसांत हिशेब निबंधकाकडे दाखल करावे लागतात. तेव्हा एखाद्या कंपनीचा शेवटचा ताळेबंद तीन वर्षांपूर्वीचा दिसला, तर तिच्याकडून दहा वर्षांच्या हमीची अपेक्षा ठेवण्याआधी कारण विचारलेच पाहिजे.

भागभांडवलाबाबत एक खबरदारी घ्यावी. ‘अधिकृत भांडवल’ म्हणजे कंपनी जास्तीत जास्त किती भांडवल उभे करू शकते ती मर्यादा, आणि ‘भरणा झालेले भांडवल’ म्हणजे भागधारकांनी शेअरपोटी प्रत्यक्ष आणलेले भांडवल. काही पानांवर पहिला आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. पाहायचा तो दुसरा. तो एक लाख रुपये असला तरी बेकायदा काहीच नाही आणि चांगले काम करणाऱ्या कंपन्यांचेही भांडवल एवढेच असू शकते. मात्र कंपनी बुडाली तर भागधारकांची जबाबदारी मर्यादित राहते, म्हणून मोठ्या रकमेची आगाऊ मागणी करणाऱ्या कंपनीच्या बाबतीत हा आकडा विसरू नये.

कोटेशन देणारी ‘कंपनी’ प्रत्यक्षात कंपनी नाही असेही अनेकदा निघते. त्यासाठी जीएसटी क्रमांकाचे सहावे अक्षर पाहावे. जीएसटी क्रमांक १५ अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७, आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. पॅनमधील चौथे, म्हणजे जीएसटी क्रमांकातील सहावे अक्षर C असेल तर कंपनी, F असेल तर भागीदारी किंवा एलएलपी, आणि P असेल तर एक व्यक्ती. एकट्याच्या मालकीचा व्यवसाय असण्यात गैर काही नाही. पण पानावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ लिहिले आहे, कोटेशनवरचा जीएसटी क्रमांक मात्र एका व्यक्तीचा आहे, अशी विसंगती आढळली तर काम कोणाला दिले जाते आणि पैसे कोणाच्या खात्यात जातात, हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसरी पायरी: ‘गेली २५ वर्षे’

नोंदणी २०१९ ची आणि दावा २५ वर्षांचा, म्हणून दावा खोटा, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. मुंबईत अनेक कंत्राटदार वर्षानुवर्षे स्वतःच्या नावाने काम करतात आणि कामे मोठी होऊ लागली की कंपनी नोंदवतात. भागीदारीचे रूपांतर कंपनीत झाले तरी क्रमांकात रूपांतराचेच वर्ष येते. दुसरी शक्यता अशी, की २५ वर्षे हा संस्थापकाचा अनुभव आहे आणि त्यातील बराच काळ त्याने दुसऱ्याच्या नोकरीत काढला. तिसरी अशी, की तीन संचालकांचा अनुभव बेरीज करून लिहिला आहे. तिन्ही वेळा पानावरचे वाक्य तेच राहते, पण सोसायटीच्या दृष्टीने अर्थ अगदी निराळा होतो.

हे वेगळे करण्यासाठी कंपनीला असे विचारावे: “२०१९ पूर्वीचे काम कोणत्या नावाने होत होते, आणि त्या नावाची एखादी जुनी वर्क ऑर्डर किंवा काम पूर्ण झाल्याचे पत्र पाहता येईल का?” पूर्वी खरोखर व्यवसाय असेल तर जुने नाव लगेच सांगितले जाते. त्या नावाचा जीएसटी क्रमांक मिळाला तर gst.gov.in वरील ‘Search Taxpayer’ मध्ये नोंदणीची तारीख आणि कायदेशीर नाव दिसते. इथे एक मर्यादा लक्षात ठेवावी: जीएसटी १ जुलै २०१७ पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या व्यवसायाचे वय या नोंदीतून कळणार नाही. त्या काळासाठी कागदच लागतात.

उलट दिशेची चूकही होऊ शकते. स्थापनेचे वर्ष जुने आणि व्यवसाय नवा, असेही घडते, कारण बंद पडत आलेली जुनी कंपनी विकत घेऊन तिचे नाव बदलता येते. अशा वेळी क्रमांकातील वर्ष जुनेच राहते. क्रमांकातील व्यवसायाचा अंक बांधकामाशी जुळत नसेल किंवा सारे संचालक अलीकडेच नेमलेले दिसत असतील, तर पोर्टलवर शंभर रुपये भरून कंपनीची सार्वजनिक कागदपत्रे पाहावीत. नाव बदलल्याचे प्रमाणपत्र त्यांत असते. गेल्या दोन वर्षांत नाव बदलले असेल, तर कंपनीने जुने नावही नव्या नावासोबत छापले पाहिजे, असे कायदा सांगतो.

web.archive.org वर याच पानाच्या जुन्या प्रती मिळाल्या तर त्या अवश्य पाहाव्यात. चार वर्षांपूर्वीच्या प्रतीत ‘१५ वर्षे’ असेल आणि आज ‘२५ वर्षे’ असेल, तर त्या आकड्याला किती महत्त्व द्यायचे ते उघड आहे.

चौथी पायरी: कार्यालये, माणसे आणि प्रमाणपत्र

चार शहरांतील कार्यालयांचा दावा जीएसटीच्या पोर्टलवर पॅनवरून शोध घेतल्यास दोन मिनिटांत तपासता येतो. जीएसटीची नोंदणी राज्यवार असते, त्यामुळे सुरत आणि हैदराबादमधून कामे घेणाऱ्या कंपनीची गुजरात आणि तेलंगणात सामान्यतः स्वतंत्र नोंदणी दिसायला हवी. फक्त महाराष्ट्राचा क्रमांक दिसला, तर बाकीची कार्यालये एखाद्या प्रतिनिधीची असतील किंवा एजन्सीची, असे समजून विचारावे. वांद्रे-कुर्ला संकुलाचा पत्ता छापलेला असेल आणि जीएसटीच्या नोंदीत व्यवसायाचे मुख्य ठिकाण विरारची सदनिका असेल, तर सभासदांना दोन्ही पत्ते सांगावेत. भाड्याने घेतलेली एक खुर्ची हेही कागदावर कार्यालयच असते.

कर्मचाऱ्यांच्या आकड्यासाठी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधण्याची सोय आहे. कंपनीचे नाव टाकल्यावर तिने कोणत्या महिन्याचा निधी भरला आणि किती कर्मचाऱ्यांसाठी भरला, हे दिसते. समजा, आपल्या उदाहरणात ‘२०० हून अधिक’च्या जागी गेल्या काही महिन्यांत ३४ ते ३८ हा आकडा दिसला. याचा अर्थ इतर माणसे नाहीतच, असा नव्हे. गच्चीवर काम करणारे कामगार बहुतेक वेळा पोट-कंत्राटदाराचे असतात आणि त्यांची नोंद त्याच्या नावावर असते. शिवाय नोकरीत येतानाच १५,००० रुपयांहून अधिक वेतन असलेल्या काहींना योजनेबाहेर ठेवता येते. मात्र ‘प्रशिक्षित कर्मचारी’ या शब्दांमागचे खरे चित्र यातून स्पष्ट होते: तुमच्या गच्चीवर येणारी माणसे बहुधा या कंपनीच्या पगारपत्रकावर नसतील. मग अपघात झाल्यास विमा कोणाचा, हा प्रश्न कमिटीने करारापूर्वीच विचारायचा.

आयएसओबद्दलचा गैरसमज सर्वांत जास्त पसरलेला आहे. आयएसओ ही संस्था स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ती मानके तयार करते आणि प्रमाणपत्र दुसऱ्या संस्था देतात. त्या संस्थांना मान्यता देणारे मंडळ भारतात एनएबीसीबी या नावाने ओळखले जाते. तेव्हा प्रमाणपत्राची प्रत मागून चार गोष्टी पाहाव्यात: ते देणारी संस्था मान्यताप्राप्त आहे का, मुदत संपली आहे का, त्यावरचा पत्ता कोणता, आणि कार्यक्षेत्र म्हणून काय लिहिले आहे. शेवटची गोष्ट कोणी वाचत नाही. ‘वॉटरप्रूफिंग रसायनांचा व्यापार’ असे कार्यक्षेत्र असेल, तर गच्चीवरचे काम त्या प्रमाणपत्रात येतच नाही. iafcertsearch.org या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त प्रमाणपत्रे शोधता येतात. आणि खरे प्रमाणपत्र असले तरी आयएसओ ९००१ हे कामकाजाच्या पद्धतीविषयीचे मानक आहे. गच्ची गळणार नाही, असे ते सांगत नाही.

‘उद्यम नोंदणीकृत’ हे शब्दही काही पानांवर सरकारी प्रशस्तिपत्रासारखे छापलेले असतात. ती नोंदणी विनामूल्य असते आणि व्यवसायाने स्वतः दिलेल्या माहितीवर होते, एवढे सांगून हा मुद्दा सोडतो.

पाचवी पायरी: ५०० सोसायट्यांचे गणित

या दाव्याची नोंद कुठेच नसते, म्हणून तो आकडा दुसऱ्या तपासलेल्या आकड्यांसमोर ठेवून पाहावा लागतो. २०१९ ते २०२५ ही सहा वर्षे धरली तर वर्षाला सुमारे ८३ सोसायट्या होतात. गच्चीची कामे मुख्यतः पावसाळा संपल्यापासून मेअखेरपर्यंत, म्हणजे आठ महिने चालतात. तेव्हा दरमहा दहा गच्च्या पूर्ण व्हायला हव्यात. आता निबंधकाकडे दाखल झालेल्या हिशेबात या कंपनीची वार्षिक उलाढाल तीन कोटी रुपये दिसली असे समजू. तीन कोटींना ८३ ने भागले की एका सोसायटीमागे सुमारे ३ लाख ६० हजार रुपये येतात.

तुमच्या सोसायटीचे कोटेशन १८ लाखांचे असेल, तर या भागाकाराचा अर्थ नीट समजून घ्यावा. दावा खरा असू शकतो, पण मग त्यातील बहुतेक कामे तुमच्यापेक्षा पुष्कळ लहान होती: एखादी पाण्याची टाकी, एखाद्या विंगची डागडुजी, कदाचित एकेका फ्लॅटचे बाथरूम. म्हणून ‘तुमच्या ५०० सोसायट्यांची यादी द्या’ असे मागू नये, कारण ती यादी तपासायला कमिटीला वेळ नसतो. त्याऐवजी, “१५ लाखांहून मोठी, किमान तीन पावसाळे झालेली आणि आमच्याच भागातली तीन कामे सांगा” असे मागावे. मुलुंडच्या सोसायटीने भांडुप-ठाण्याची कामे पाहिली तर कमिटीतील दोघांना एका रविवारी जाऊन येता येते. तिथल्या सेक्रेटरींना ‘काम चांगले झाले का’ असे न विचारता, पहिल्यांदा गळती कधी दिसली, तक्रार कोणाला केली, माणूस किती दिवसांनी आला आणि त्याने त्या दुरुस्तीचे पैसे मागितले का, असे विचारावे. ‘काम चांगले झाले का’ याचे उत्तर भिडेखातर बहुधा ‘हो’ येते. बाकीच्या उत्तरांतून वस्तुस्थिती कळते.

ग्राहकांच्या चिन्हांची रांगही याच नजरेने पाहावी. एखाद्या मोठ्या बिल्डरचे बोधचिन्ह तिथे असेल, तर काम थेट त्याने दिले होते की त्याच्या मुख्य कंत्राटदाराने, हे वर्क ऑर्डरवरच्या नावावरून कळते.

सहावी पायरी: हमी कोणाची?

१० वर्षांच्या हमीकडे आता तिसऱ्या पायरीतील माहितीसह पाहावे. २०१९ मध्ये नोंदलेल्या कंपनीने दिलेली एकही दहा वर्षांची हमी अद्याप पूर्ण मुदत संपेपर्यंत पोहोचलेली नाही. हमी पाळली जाते की नाही, याचा या कंपनीपुरता पुरावा आज अस्तित्वात असू शकत नाही. आधीच्या मालकीच्या व्यवसायाने दिलेल्या हमी नव्या कंपनीने पाळल्या का, हे मात्र विचारता येते, आणि त्या कामांपैकी एखादी सोसायटी सापडली तर ती भेट सर्वांत मोलाची ठरेल. कायद्याच्या दृष्टीने कंपनी ही वेगळी व्यक्ती असते, त्यामुळे जुन्या व्यवसायाची जबाबदारी तिच्याकडे आपोआप येत नाही. ती स्वीकारली असेल तर तसा कागद असतो.

हमीच्या मसुद्यात हमी देणारा कोण, रसायन बनवणारी कंपनी की काम करणारी, हे शोधावे. उत्पादकाची हमी बहुधा मालापुरती असते. गच्ची पुन्हा उकरण्याची मजुरी त्यात आहे का, हे वाचल्याशिवाय ‘१० वर्षे’ या आकड्याला किंमत देऊ नये.

तपासणीची नोंद कशी ठेवावी

सारे झाल्यावर एका पानाची नोंद तयार करावी: डावीकडे वेबसाइटवरचे विधान जसेच्या तसे, उजवीकडे काय आढळले, कुठे आढळले आणि कोणत्या तारखेला पाहिले. वेबसाइटचे पानही त्याच दिवशी पीडीएफ करून ठेवावे, कारण प्रश्न विचारल्यानंतर मजकूर बदलला जाऊ शकतो. ज्या विधानांवर सुरुवातीलाच रेघ मारली, ती या नोंदीत आणू नयेत. नाहीतर सभेतला वेळ ‘अग्रगण्य’ म्हणजे काय यावर जातो. न जुळलेल्या मुद्द्यांबद्दल कंपनीला एकच ईमेल पाठवावा, आरोपाची भाषा न वापरता, आणि आलेले उत्तर नोंदीला जोडावे. चार दिवसांत जुन्या व्यवसायाच्या नावासह कागद पाठवणारी कंपनी आणि ‘आमची वेबसाइट एजन्सीने लिहिली आहे’ असे फोनवर सांगणारी कंपनी, या दोघींचे दर सारखे असले तरी माझ्या मते त्यांना समान मानू नये.

नोंदी बदलत राहतात, म्हणून करारावर सही करण्याच्या आठवड्यात कंपनीची स्थिती आणि जीएसटी क्रमांक पुन्हा एकदा पाहावा आणि चार ठिकाणची नावे अक्षरशः जुळवावीत: करार, कोटेशन, जीएसटीतील कायदेशीर नाव आणि ज्या बँक खात्यात आगाऊ रक्कम जाणार आहे त्याचे नाव. यांपैकी एकही वेगळे असेल तर खजिनदारांनी चेक लिहू नये.